सल्ला हवा: इटालियन केकची कृती मराठीत उतरवली, पण केकची वीट झाली

खानापूरची_वहिनी
माझी भाची तोरीनोला शिकायला आहे. तिच्या घरमालकीण आजींनी हातानं लिहिलेली एका केकची कृती तिनं फोटो काढून पाठवली. सासूबाईंना करून बघायचाय आणि त्या मराठीच वाचतात, म्हणून मोबाईलमधल्या शब्दकोशाच्या आधारानं मी ती वहीत उतरवून दिली. नाव 'सात वाझेत्ती'चा केक. वाझेत्तो म्हणजे दह्याची छोटी बरणी, आणि भाची म्हणाली तिकडं दह्याची बरणी १२५ ग्रॅमची येते. म्हणून मी लिहिलं: दही १२५ ग्रॅम, बियांचं तेल १२५ ग्रॅम, साखर दोन म्हणजे २५० ग्रॅम, मैदा तीन म्हणजे ३७५ ग्रॅम, अंडी ३, यीस्टची पुडी १.

पीठ चमच्यावरून पडेचना, थालीपीठ थापावं तसं हातानं डब्यात थापलं. बाहेर निघाली ती वीट, वर ताडीसारखा वास. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण तुकडा गाईपुढं ठेवला. आणि बियांचं तेल म्हणजे कुठल्या बियांचं? मी तिळाचं घातलं. चुकलं कुठं?

टिळकवाडीचा_ओव्हन
तुमचं यीस्ट जुनं असणार. कोमट पाण्यात साखर घालून दहा मिनिटं ठेवा, फेस आला तर जिवंत. मग पीठ तासभर झाकून ठेवायचं. पिझ्झाला मी हेच करतो, दर वेळी फुगतं.

बोलोन्यात_अकरा_वर्षं
दादा, पिझ्झाला तुमचं बरोबर आहे. इथं यीस्टच नकोय.

वहिनी, मूळ शब्द 'लिएव्हितो' असणार. शब्दकोश त्याला यीस्ट म्हणतो आणि तिथंच फसायला होतं, कारण इटालियनमध्ये फुगवणाऱ्या दोन्ही वस्तूंना हाच शब्द आहे. 'लिएव्हितो दी बिर्रा' असेल तर यीस्ट. 'पेर दोल्ची', म्हणजे गोडासाठी, असेल तर आपली बेकिंग पावडर, तीही बहुतेक वेळा व्हॅनिला घातलेली. घरगुती कृतीत आज्या पुढचं लिहितच नाहीत, नुसतं 'एक पुडी' लिहितात. मग ओळखायचं कसं? कृतीत पीठ फुगायला ठेवा असं कुठं म्हटलंय का ते बघा. कालवलं की लगेच ओव्हनमध्ये जात असेल तर ती बेकिंग पावडरच. पुडीच्या वजनातही फरक आहे. बेकिंग पावडरची १६ ग्रॅमची, सुक्या यीस्टची साधारण ७ ग्रॅमची.

आता वाझेत्तो. भाचीनं सांगितलेलं १२५ खरं आहे, पण ते दह्याचं वजन. आजी बरणीतलं दही भांड्यात ओततात आणि तीच रिकामी बरणी माप म्हणून वापरतात. मैदा हलका, त्या बरणीत जेमतेम ७० ते ७५ ग्रॅम मावतो. साखर साधारण १०५, तेल ११५. म्हणजे मैदा हवा होता सव्वादोनशे ग्रॅमच्या आत आणि तुम्ही घातला ३७५. दीडपटीच्या वर गेलात, थापावं लागणारच.

आणि 'ओलियो दी सेमी' म्हणजे वास नसलेलं साधं रिफाइंड तेल. सूर्यफुलाचं घाला.

निपाणीचे_अण्णा
अहो ही तर आपली सात कप वडी! बेसन, खोबरं, दूध, तूप एकेक आणि साखर तीन. तिथं कोण वजन करतंय?

माझा एक प्रश्न मध्येच घालतो, रागावू नका. मुलानं 'फार्रो'चं सूप कर म्हणून कृती पाठवलीय. सुनेनं मराठीत 'जव' लिहिलंय. जव इकडं पूजेच्या सामानाच्या दुकानातच दिसतात, त्याचं सूप करायचं?

बोलोन्यात_अकरा_वर्षं
अण्णा, फार्रो म्हणजे बहुतेक वेळा तुमच्या शिवारातला खपली गहू. कन्नडात त्याला जवे गोदी म्हणतात ना, सूनबाईंचा घोटाळा त्यातूनच झाला असेल. जवाला इटालियनमध्ये 'ओर्झो' म्हणतात. सूपला खपलीचे टरफल काढलेले दाणे घ्या, खीर करता तेच.

निपाणीचे_अण्णा
सूनबाई धारवाडकडची आहे. बरोबर ओळखलंत की! मग खपलीच्या पिठाचा हा केक होईल का?

शहापूर_पेठ
तो वाटी-बरणीचा नाद सोडा, सगळं ग्रॅममध्ये लिहा आणि काटा घ्या. तीनशे रुपयांत येतो. वाटी प्रत्येक घरात वेगळी.

बोलोन्यात_अकरा_वर्षं
वेगळी असली तरी चालते, सगळ्याला एकच वाटी घेतली की प्रमाण तेच राहतं. मी तर भाषांतरात वाटीच ठेवीन. सासूबाईंच्या हाताला ती ओळखीची आहे आणि आजीही तसंच मोजतात. खरी अडचण वेगळीच आहे. अंडी आणि पुडी वाटीनं मोजलेली नाहीत, ती १२५ मिलीच्या बरणीला धरून आहेत. वाटी मोठी झाली की ती कमी पडतात. वहिनी, तुमच्या वाटीत पाणी किती मावतं ते औषधाच्या मापानं मोजून सांगाल?

खानापूरची_वहिनी
मोजलं. काठोकाठ १६० मिली.

बोलोन्यात_अकरा_वर्षं
मग ती सव्वापटीहून जरा मोठी. ३ अंड्यांची ४ करा. नाहीतर वाटीत १२५ मिली पाणी ओतून आतून कुठं येतं ते पाहा, बोटाचं अंतर लक्षात ठेवा आणि तिथवरच भरा. मला दुसरं सोपं वाटतं, डबाही मोठा लागत नाही.

बेकिंग पावडर मात्र मी आजींपेक्षा कमी सांगेन. तिकडची १६ ग्रॅमची पुडी अर्धा किलो पिठासाठी असते असं पुडीवरच छापतात, तरी केक लहान असला तरी अख्खी घालायची त्यांची पद्धत. चार चहाचे चमचे होतात. मी सपाट तीन घालते. चारनं मला जिभेवर कडवट लागतं.

टिळकवाडीचा_ओव्हन
तीन पण जास्त वाटतात. मी या पिठाला दोन घातले असते.

बोलोन्यात_अकरा_वर्षं
दही आंबट असेल तर दोननंही फुगेल कदाचित. करून बघा आणि सांगा.

खानापूरची_वहिनी
आणखी एक. शेवटी पिठीसाखरेपुढं 'क्यू. बी.' लिहिलंय, डब्याला लावायच्या लोण्यापुढंही तेच. मी दोन्हीकडं 'चवीनुसार' लिहिलं. लोणी चवीनुसार वाचून सासूबाई हसल्या.

बोलोन्यात_अकरा_वर्षं
'क्वांतो बास्ता', पुरेल इतकं. मराठीत याला एकच शब्द ठेवू नका. मिठापुढं असेल तर चवीपुरतं, लोण्यापुढं 'डब्याला हात फिरवण्यापुरतं', पिठीसाखरेपुढं 'वरून भुरभुरायला'. कणकेच्या कृतीत पिठापुढं आलं तर 'लागेल तसं'.

खानापूरची_वहिनी
काल परत केला. खूण करून १२५ पर्यंतच वाटी भरली, सूर्यफुलाचं तेल, घरचं ताजं दही जरा पाणी गाळून, पावडर तीन चमचे. यावेळी पीठ चमच्यावरून फितीसारखं पडलं. ओव्हन नाही, म्हणून कुकरच्या तळाला मीठ पसरून, रिंग आणि शिट्टी काढून मंद आचेवर. कृतीत १८० अंशावर ४० मिनिटं होती, मला पन्नास लागली. सुरी घालून बघत होते, ती कोरडी आली तेव्हा काढला. वर रंग फिकाच राहिला, बाकी मऊ. सासूबाईंनी दोन तुकडे खाल्ले आणि वहीत 'बियांचं तेल' खोडून स्वतःच्या अक्षरात 'सूर्यफूल' लिहिलं.

निपाणीचे_अण्णा
खपलीचं राहिलंच की.

बोलोन्यात_अकरा_वर्षं
अण्णा, ते मी स्वतः केलेलं नाही. आधी तीनपैकी एकच वाटी खपलीचं पीठ घाला, दोन मैद्याच्याच राहू द्या. बिघडला तरी गाय आहेच.