‘ठाण्यात पोहोच फ्री’: 735 की 920?

मिलिंद (कासारवडवली): संकष्टीला नौपाड्यातल्या एका ताईंकडून मोदक मागवले. चॅट वाचा आणि सांगा, ही लूट नाही का?

मी: ताई, उद्या उकडीचे 21 मोदक हवेत. रेट?
ताई: 11 चा बॉक्स 385. ठाण्यात पोहोच फ्री.
मी: ओके. कासारवडवली. संध्याकाळी 7 पर्यंत पाठवा.
ताई: 👍

आले 8:20 ला, 22 नग. बिल 770 अधिक रिक्षा 150.

नंदिनी (चरई): ‘लूट’ हा शब्द मागे घ्या. मी नऊ वर्षं मोदक विकते. बॉक्सचा भाव सांगितल्यावर तुम्ही ‘ओके’ म्हणालात, ते बॉक्सला. एकवीस हवे म्हणजे दोन बॉक्स. तुम्ही मनातल्या मनात 35 गुणिले 21 करून 735 धरलेत, पण सुट्या मोदकाचा भाव कुणी सांगितलाच नव्हता. वेळेचंही तसंच. ‘7 पर्यंत पाठवा’ वाचून मी 7 ला रिक्षात बसवते. पोहोचायला हवे असतील तर ‘7 ला दारात’ लिहा.

सुहास (कळवा): काहीही! ग्राहकाने 21 लिहिले म्हणजे 21. बाविसाव्याचे पैसे मागायचेच नाहीत.

नंदिनी: मग एकविसावर थांबलेल्याला अकराचा दुसरा बॉक्स फोडून द्यायचा? उरलेला मोदक रात्री दडस होतो, दुसऱ्या दिवशी कोण घेतं? पण 21 वाचून ‘दोन बॉक्स, 22 नग, 770’ असं त्या ताईंनी उलट लिहायला हवं होतं, हे मान्य.

रेवती (घोडबंदर रोड): खरा प्रश्न 150 चा आहे. कासारवडवली ठाण्यात नाही का? मालमत्ता कर आम्ही ठाणे महापालिकेलाच भरतो! मला एका बाईंनी पुरणपोळ्या द्यायला ‘तिकडे कोण येणार, मेट्रोचं काम चालू आहे’ म्हणून नकार दिला. स्टेशनजवळच्यांना वाटतं, ठाणे तीन पेट्रोल पंपापाशी संपतं.

सुहास: कळवाही महापालिकेतच आहे. तरी आम्ही कायम ‘खाडीपलीकडचे’!

नंदिनी: घोडबंदरचं रडगाणं बास. भर ट्रॅफिकमध्ये रिक्षावाल्याला पैसे कोण देतं, आम्हीच ना!

रेवती: मग ‘ठाण्यात फ्री’ लिहिताच कशाला? ‘नौपाडा, चरई, राम मारुती रोड’ लिहा.

नंदिनी: …बरं. इथे तुमचं खरं आहे. पत्ता वाचून त्यांनी अंगठा दिला, म्हणजे फ्री पोहोच कबूल केली. 150 मागायला नको होते. 770 मात्र द्यायचेच.

मिलिंद: आणि चंद्रोदयाआधी नैवेद्य दाखवायची माझी धावपळ?

नंदिनी: ‘नैवेद्याला हवेत’ हे दोन शब्द चॅटमध्ये कुठे आहेत?

मिलिंद: संकष्टीला 21 उकडीचे मोदक आणखी कशाला मागवतात, ताई?

नंदिनी: माझ्याकडे त्याच दिवशी सहा जण पार्टीला मागवतात. 150 परत मागा. ‘लूट’ तेवढं खोडा.