मंडळाची डिस्क, टीव्हीवरचं रेकॉर्डिंग आणि शनिवारचा हॉल

संध्या, मंगळवार, रात्री ९:१४

सप्रेम नमस्कार,

काल साडेसातच्या प्रादेशिक बातम्यांत आपलं विसर्जन दाखवलं. साडेतीन मिनिटं पूर्ण आहेत, ढोल, लेझीम, नदीकाठची आरती, सगळं. शनिवारी हॉलवर दाखवायचं ठरलं होतं म्हणून मी मंडळाची डिस्क टीव्हीच्या मागे लावून रेकॉर्ड केलं. टीव्हीवर व्यवस्थित दिसतं. आज तीच डिस्क लॅपटॉपला लावली तर हे आलं:

`You need to format the disk in drive E: before you can use it.`

मी Cancel केलं. काल टीव्हीनेही रेकॉर्डिंगच्या आधी जर्मनमध्ये काहीतरी विचारलं होतं, तेव्हा घाईत ओके दाबलं गेलं. आता ही क्लिप लॅपटॉपवर कशी घ्यायची? शनिवारी प्रोजेक्टर अविनाश आणणार आहेत ना?

संध्या

अविनाश, मंगळवार, रात्री ९:४०

संध्याताई,

प्रोजेक्टर आणतो. डिस्कचं उत्तर सोपं आहे. एफएटी-३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, त्यामुळे गोंधळ झाला असणार. माझ्या जुन्या रिसीव्हरवर मोठ्या सिनेमाचे आपोआप तीन तुकडे व्हायचे, ते याच कारणाने. डिस्क एनटीएफएस करून घ्या आणि पुन्हा टीव्हीला लावा, फाइल सापडेल. ते जमलं नाही तर डिस्क मला द्या, मंडळाची सगळी तांत्रिक कामं दहा वर्षं मीच पाहतो आहे.

अविनाश

मिलिंद, मंगळवार, रात्री ९:५२

संध्याकाकू, काहीही फॉरमॅट करू नका. लॅपटॉपवर नको आणि टीव्हीवरही नको. आणि डिस्क टीव्हीला लावलेली असेल तर टीव्ही बंद करून आत्ताच काढा, हे पत्र नंतर वाचा.

अविनाशकाका, चार जीबीची मर्यादा खरी आहे, पण ती रिसीव्हरची गोष्ट झाली. रिसीव्हर साध्या फॉरमॅटच्या डिस्कवर उघडी फाइल लिहितो. टीव्ही मात्र रेकॉर्डिंगच्या आधी डिस्क स्वतःच्या पद्धतीने फॉरमॅट करतो. विंडोजला ती पद्धत वाचता येत नाही, म्हणून ती डिस्क कोरी समजून फॉरमॅट करायला सांगते. जर्मनमध्ये टीव्हीने विचारलं होतं ते हेच: डिस्कवरचं सगळं जाईल, चालेल का?

डिस्क लिनक्सवर उघडली तरी उपयोग नाही. फाइल दिसेल, पण ती कुलूपबंद असते आणि किल्ली त्या एका टीव्हीच्या आत असते. त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा शेजारच्या घरातला टीव्हीसुद्धा ती दाखवणार नाही. टीव्हीचा मुख्य बोर्ड बदलला तर स्वतःच्याच टीव्हीवरही जुनी रेकॉर्डिंग सहसा उघडत नाहीत. तेव्हा काकूंची क्लिप शनिवारी दाखवायची तर टीव्ही आणि डिस्क दोन्ही हॉलवर न्यावं लागेल.

मिलिंद

रेणुका, मंगळवार, रात्री १०:२०

एक मिनिट. मंडळाची डिस्क म्हणजे कोणती? काळ्या कव्हरची ५०० जीबीची असेल तर त्यावर २०११ पासूनचे सगळे फोटो आहेत. ती पाडव्याला संध्याताईंकडे फक्त स्लाइड शोसाठी दिली होती. परत आल्याची नोंद माझ्या वहीत नाही. मागच्या वर्षी बैठकीत ठरलं होतं की डिस्क खजिनदाराकडे राहील आणि हवी असेल त्याने सही करून न्यावी.

आणि बातम्या वाहिनीच्या ऑनलाइन मेडियाथेकवर असतील ना? मग रेकॉर्ड करण्याची गरज काय होती?

रेणुका

अविनाश, मंगळवार, रात्री १०:३१

रेणुका, हॉल तळघरात आहे. मागच्या दिवाळीला तिथे फोनवर एक रेषाही नव्हती, मेडियाथेक कुठून लावणार? आणि वहीचं म्हणाल, तर ती डिस्क मूळ मी विकत घेतली होती. पावती दाखवून पैसे नंतर मिळाले.

टीव्ही न्यायचा तर माझी गाडी आहे. ५५ इंची आडवा ठेवायचा नाही, उभाच न्यावा लागतो.

हेमंत, बुधवार, सकाळी ७:०५

मिलिंद, विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. मी ६४ जीबीचा पेनड्राइव्ह लावून मॅच थांबवतो आणि मुलांना झोपवून पुढे पाहतो. दहा-पंधरा मिनिटांनी चित्र अडखळायला लागतं. खासगी वाहिनीवर तर दीड तासाने ती आपोआप पुढे उडी मारते आणि मधला भाग गायब होतो. पेनड्राइव्ह मोठा घेतला तर हे थांबेल का?

शिवाय माझ्या जुन्या डिशच्या रिसीव्हरवर एआरडी दिसतच नाही. तोही पेनड्राइव्हचाच दोष आहे का?

हेमंत

मिलिंद, बुधवार, सकाळी ७:४८

हेमंतदादा, तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

एआरडीने उपग्रहावरचं एसडी प्रक्षेपण ७ जानेवारी २०२५ ला बंद केलं. तुझा रिसीव्हर एसडीचा असेल तर त्याला पकडायला काही उरलेलंच नाही. यात पेनड्राइव्हचा संबंध नाही.

अडखळणं मात्र पेनड्राइव्हचंच. मॅच थांबवून मागून पाहतोस तेव्हा टीव्ही एकाच वेळी नवीन भाग लिहीत असतो आणि जुना वाचत असतो, तोही थांबल्याशिवाय तासन्‌तास. एचडी वाहिनीला सेकंदाला सव्वा एमबी लिहावं लागतं. आकडा लहान आहे, पण स्वस्त पेनड्राइव्ह सुरुवातीला भरभर लिहितो आणि गरम झाला की मधेच काही क्षण दम घेतो, त्यात वाचण्याचंही काम असतं. त्यामुळे मोठा पेनड्राइव्ह घेऊन फरक पडणार नाही. छोटी एसएसडी किंवा हार्डडिस्क घे. हार्डडिस्क सुरू होताना टकटक करून बंद पडत असेल तर टीव्हीच्या पोर्टची वीज कमी पडते आहे, मग स्वतःचा अ‍ॅडॉप्टर असलेली लागेल.

दीड तासाचं म्हणशील तर खासगी एचडी वाहिन्या सीआय प्लसच्या कार्डावर चालतात, आणि किती वेळ मागे राहू द्यायचं ते प्रक्षेपणातूनच टीव्हीला सांगितलेलं असतं. दोन टीबीची डिस्क लावलीस तरी नव्वद मिनिटंच मिळतील. एआरडी, झेडडीएफवर हे बंधन नाही.

मिलिंद

संध्या, बुधवार, सकाळी ९:३०

डिस्क रात्रीच काढली. रेणुका, चूक माझी आहे, ती डिस्क रिकामी आहे असं मला वाटलं होतं. रात्रभर झोप लागली नाही. पाडव्याचे, नाट्यसंगीताच्या मैफलीचे, कुलकर्णी आजोबांच्या पंच्याहत्तरीचे सगळे फोटो त्यावर आहेत.

मिलिंद, आणखी एक सांगायचं राहिलं. सोमवारपासून मी स्वयंपाक करताना टीव्ही दोन-तीनदा पॉज करून ठेवला होता. एकदा पाहुणे आले म्हणून वाहिनी बदलली, तर थांबवलेलं सगळं गेलं, परत कुठेच सापडलं नाही. मला वाटलं होतं पॉज केलं की ते साठून राहतं. या पॉजमुळे फोटोंवर काही लिहिलं गेलं असेल का?

संध्या

मिलिंद, बुधवार, दुपारी १२:१५

काकू, पॉज म्हणजे तात्पुरता साठा. वाहिनी बदलली किंवा टीव्ही बंद केला की टीव्ही तो टाकून देतो. पण तेवढा वेळ तो डिस्कवर लिहीत मात्र असतो, म्हणूनच मी रात्री घाई केली.

आपण हिशोब मांडू. बातम्या अर्धा तास, म्हणजे सव्वादोन जीबी. पॉज सगळे मिळून समजा तीन तास, म्हणजे साधारण साडेतेरा जीबी, आणि तेही प्रत्येक वेळी नव्या जागी लिहिलं गेलं असेल तर. एकूण सोळा जीबीच्या आत. डिस्क ५०० जीबीची आहे आणि रेणुकाताईंच्या म्हणण्याप्रमाणे फोटो १८० जीबी होते. टीव्हीचं फॉरमॅट बहुधा झटपट होणारं असतं. तुमचंही मिनिटभरात झालं असेल तर जुने फोटो पुसले गेलेले नाहीत, फक्त त्यांची अनुक्रमणिका गेली आहे. सोळा जीबी नेमके कुठे पडले ते मात्र उघडून पाहिल्याशिवाय कळणार नाही.

मी फोटोरेक चालवतो. तो अनुक्रमणिका पाहतच नाही, डिस्क पहिल्या कोपऱ्यापासून वाचत जातो आणि जेपेगची सुरुवात दिसली की फोटो उचलतो. एक अट आहे: सापडलेलं त्याच डिस्कवर ठेवायचं नाही, नाहीतर आपणच उरलेल्यावर लिहू. दोनशे जीबी मोकळी असलेली दुसरी डिस्क कोणाकडे आहे?

फोल्डरची आणि फाइलची नावं परत मिळणार नाहीत. कॅमेऱ्याने फोटोच्या आत घातलेली तारीख टिकते, तिच्यावरून वर्षं लावता येतील.

मिलिंद

रेणुका, बुधवार, दुपारी १:०२

माझ्याकडे १ टीबीची आहे. संध्याकाळी स्वतः आणून देते आणि वाचून होईपर्यंत मी तिथेच बसेन.

संध्याताई, जीव लावून घेऊ नका. पण ती डिस्क नंतर माझ्याकडेच राहील.

प्रसन्न, बुधवार, रात्री ११:२०

नवीन आहे, लिस्टवर पहिल्यांदाच लिहितो. सोमवारच्या बातम्या माझ्याकडे आहेत. माझा रिसीव्हर लिनक्सवाला आहे. तो फ्री वाहिन्यांचं प्रक्षेपण आलं तसं `.ts` फाइलमध्ये लिहितो, कुलूप लावत नाही. अर्ध्या तासाची फाइल २.१ जीबी झाली. टायमर दोन मिनिटं आधी आणि पाच मिनिटं नंतर असाच ठेवतो, त्यामुळे शेवट कापला गेलेला नाही.

आपला भाग असा काढला:

```
ffmpeg -ss 00:13:35 -i batmya.ts -t 00:03:50 -map 0:v -map 0:a -c copy visarjan.mkv
```

यात चित्र पुन्हा बनवलं जात नाही, म्हणून दहा सेकंदांत झालं आणि दर्जा मूळचाच राहिला. फक्त काप अगदी हव्या त्या क्षणी बसत नाही, तो जवळच्या पूर्ण चित्रावर सरकतो. सुरुवातीला निवेदिकेचं अर्धं वाक्य आलं आहे ते त्यामुळे. व्हीएलसीमध्ये चालते. साडेतीन-चार मिनिटांचे तीनशे एमबीसुद्धा नाहीत, त्यामुळे एफएटी-३२ च्या पेनड्राइव्हवर आरामात मावते.

प्रसन्न

अविनाश, गुरुवार, सकाळी ८:१०

प्रसन्न, उत्तम काम. पेनड्राइव्ह शनिवारी चारपर्यंत माझ्या हातात द्या, मी प्रोजेक्टरवर आधी तपासून घेईन. मंडळाच्या लॅपटॉपवर व्हीएलसी मी २०१९ मध्येच घातला आहे.

रेणुका, गुरुवार, सकाळी ९:२५

दाखवण्याआधी एक शंका. इथल्या जर्मन कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३ प्रमाणे स्वतःसाठी रेकॉर्ड करायला परवानगी आहे, पण अशी प्रत जाहीरपणे दाखवायला नाही. हॉलवर दीडशे माणसं असतील.

अविनाश, गुरुवार, सकाळी ९:३३

सगळे सभासद आहेत, जाहीर कसं? आपलाच गणपती, आपलीच माणसं.

रेणुका, गुरुवार, सकाळी ९:४१

पोस्टरवर ‘सर्वांना प्रवेश खुला’ असं तुम्हीच छापलं आहे. मी वाहिनीच्या संपादकांना आत्ता मेल केला आहे, त्यांचं उत्तर शनिवारपर्यंत आलं तर प्रश्नच नाही. नाही आलं तर काय, ते कार्यकारिणीने ठरवावं, मी एकटी ठरवणार नाही.

मिलिंद, शुक्रवार, पहाटे १:३५

फोटोरेक संपलं. ३१,४०० फोटो निघाले, त्यात बारीक थंबनेलही आहेत. २०११ ते २०१७ जवळजवळ सगळं दिसतं आहे. २०१८ च्या कोजागरीचे बरेच फोटो अर्धे निघाले, वरचा भाग ठीक आणि खाली करडी पट्टी. तिथेच टीव्हीने लिहिलं असावं. ते याच डिस्कवरून परत येणार नाहीत. कोजागरीला कोणी आपल्या कॅमेऱ्याने किंवा फोनवर फोटो काढले असतील तर कृपया शोधा.

काकू, आजोबांच्या पंच्याहत्तरीचे ११२ सापडले, सगळे पूर्ण आहेत.

मिलिंद

हेमंत, शुक्रवार, सकाळी ७:१२

कोजागरीचे माझ्या जुन्या फोनवर असतील, चार्जर शोधतो. आणि मिलिंद, एसएसडी घेतली तर टीव्ही तीही फॉरमॅट करणार ना? मुलीचे फोटो असलेली आहे माझ्याकडे एक.

मिलिंद, शुक्रवार, सकाळी ७:१५

करणार. ती लावू नकोस, कोरी घे.