पत्त्याचा पुरावा नाही, साधं बचत खातं कसं काढायचं?

मीनल_के
आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा गावाहून आलाय, बांधकामावर लागलाय. पगार 14,000, ठेकेदार खात्यातच टाकणार म्हणतोय. मुलाकडे आधार आहे, पण त्यावर पत्ता गावचा. इथे चौघं मिळून एका खोलीत राहतात, करार नाही, लाईटबिल मालकाच्या नावावर. बँकेतून "इथला पुरावा आणा" सांगून परत पाठवलं. काय करावं?

रानवारा
"छोटं खातं" मागा. फोटो आणि अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा, बस. कागद लागत नाही.

निवृत्त_रोखपाल
रानवारा, असं खातं असतं हे खरं, पण ते ज्याच्याकडे ओळखीचा एकही कागद नाही त्याच्यासाठी. महिन्याला 10,000 पेक्षा जास्त काढता येत नाहीत, शिल्लक 50,000 च्या वर जाऊन चालत नाही आणि आर्थिक वर्षात एकूण जमा एक लाखापर्यंतच. ह्याचे सात पगार म्हणजे 98,000. आठवा अडकलाच.

मीनलताई, आधार आहे तर शाखेत आधारची बायोमेट्रिक केवायसी करायला सांगा आणि सध्याचा पत्ता त्याने स्वतःच्या सहीने लिहून द्यावा. आधारवरच्यापेक्षा वेगळ्या पत्त्यासाठी असं स्वयंघोषणापत्र रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांना चालतं. काउंटरवर नाही म्हणाले तर शाखाधिकाऱ्यांना भेटा, वाद न घालता. खातं "बीएसबीडी" मागा, त्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही.

सासवडकर
माझा तर 11 महिन्यांचा भाडेकरार होता, नोटरी केलेला, तरी घेतला नाही! सोसायटीचं पत्र चालेल का?

निवृत्त_रोखपाल
नियमांतल्या यादीत घरमालकाशी केलेला खासगी करार नाही. काही बँका घेतात, काही नाही. सोसायटीच्या पत्राचंही तेच. तुमच्या नावावर पोस्टपेड मोबाईल असेल तर दोन महिन्यांच्या आतलं बिल न्या. मात्र तीन महिन्यांत नवीन पत्त्याचं आधार किंवा तत्सम कागद द्यावा लागतो.

मीनल_के
सिमेंटच्या कामाने त्याची बोटं झिजलीत, ठसे उमटले नाहीत तर?

रानवारा
मग छोटं खातं :)

निवृत्त_रोखपाल
डोळ्यांचं किंवा चेहऱ्याचं यंत्र आहे का ते विचारा, सगळ्या शाखांत नसतं. नाहीच जमलं तर मूळ आधार दाखवून गावच्याच पत्त्यावर खातं काढा. एटीएम कार्ड टपालाने गावी जाईल, तेवढं घरी सांगून ठेवा.

आणि एक विचारायचं राहिलं. शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी त्याचं खातं काढलं होतं का? त्याच बँकेत आधीचं बचत खातं असेल तर ते आणि बीएसबीडी अशी दोन्ही ठेवता येत नाहीत.

मीनल_के
ताईंना विचारलं. होतं म्हणे, पण पासबुक सापडत नाही, वापरूनही बरीच वर्षं झाली.

निवृत्त_रोखपाल
मग आधी बँक कोणती ते शोधा. दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय झालं असेल, पण ते केवायसी करून पुन्हा चालू होतं. त्यासाठी गावी जायला नको, त्या बँकेच्या इथल्या शाखेतही होतं आणि शुल्क नाही.