मदत हवी: डिले लूपमध्ये टाकला तर आवाज फाटतोय

तुटकी_तार: शनिवारी गिग आहे आणि डिले पेडल डोकं खातंय. ॲम्पच्या इनपुटआधी लावलं तर रिपीट्सचा नुसता चिखल. सगळे म्हणाले, लूपमध्ये टाक. टाकलं, तर जोरात वाजवलं की आवाज फाटतो. पेडल गेलं का? लवकर सांगा.

सुनीत: ॲम्प कसला? डिस्टॉर्शन ॲम्पचं की पेडलचं? मागे लूपजवळ स्विच आहे का?

बेसुरा_बाळ्या: माझा लूपरही असाच फाटायचा. बॅटरी काढून ॲडॅप्टर लावला, थांबला.

तुटकी_तार: लूपर नाही हो! मागचे सेंड-रिटर्न. ४० वॅटचा ट्यूब ॲम्प, डिस्टॉर्शन त्याचंच. स्विच +४ आणि -१० असा आहे. +४ वर आहे, मी हात लावला नाही.

सुनीत: तिथेच मेख आहे. +४ ही स्टुडिओच्या रॅकची पातळी. पायातल्या पेडलला एवढा सिग्नल झेपत नाही. -१० करा. हळू वाजवल्यावर स्वच्छ आणि जोरात फाटतं, म्हणजे पेडल ठीक आहे, त्याच्या तोंडात घास मोठा जातोय. तरी फाटलं तर चॅनेल व्हॉल्यूम कमी करून मास्टर वाढवा. बऱ्याच ॲम्पमध्ये चॅनेल व्हॉल्यूम सेंडच्या आधी असतो आणि मास्टर रिटर्ननंतर.

रॉक_आजोबा: लूप हे नसतं खूळ आहे. १५ वर्षं क्लीन ॲम्प, पुढे डिस्टॉर्शन पेडल, मग डिले. कधी चिखल झाला नाही.

सुनीत: आजोबा, तुमचं डिस्टॉर्शन डिलेच्या आधीच आहे, म्हणून होत नाही. यांचं ॲम्पच्या प्रीॲम्पमध्ये होतं, तेव्हा डिले त्याच्यानंतर हवा, आणि ती जागा लूपच देतो.

पेडलवेडा: मग सगळीच पेडलं लूपमध्ये टाका ना. मी वाहसुद्धा टाकतो.

सुनीत: हौस असेल तर टाका, पण वाहची बोलण्याची ढब जाते. आणि ओव्हरड्राइव्ह इनपुटआधी लावलं तर ॲम्प जास्त फाटतो. बूस्ट लूपमध्ये लावला तर नुसता आवाज वाढतो, सोलोला तेच हवं असतं.

रॉक_आजोबा: मास्टर पूर्ण उघडा आणि बघा, तुमचा लूपही चिखलच करेल.

सुनीत: तेवढं खरं. पॉवर ट्यूब फाटायला लागल्या की लूप काही करू शकत नाही, तो त्यांच्या आधीच संपतो.

तुटकी_तार: -१० केलं, रिपीट्स एकदम मोकळे! पण पेडल बंद असतानाही एकूण आवाज थोडा बसलाय.

सुनीत: पेडल काढून सेंडमधून थेट रिटर्नला छोटी केबल लावा. आवाज पूर्ववत झाला तर गडबड पेडलमध्ये किंवा त्याच्या केबल्समध्ये. तसाच बसलेला राहिला तर ॲम्पच्या लूपमध्येच.

तुटकी_तार: छोटी केबल ड्रमरकडे आहे. उद्या बघतो.

बेसुरा_बाळ्या: ॲडॅप्टर किती व्होल्टचा आहे ते सांगितलंच नाही अजून.