मदत हवी आहे: काळ्या जमिनीवरील पाणंद रस्त्यासाठी कोणता सीबीआर धरावा आणि खडीचा थर किती द्यावा?

ऊसवाला:
उजनी कालव्याच्या लाभक्षेत्रात आम्हा काही शेतकऱ्यांचा मिळून ६०० मीटर लांब आणि ३ मीटर रुंद पाणंद रस्ता आहे. खाली काळी चिकण माती असून गळीत हंगामात त्यावरून उसाच्या भरलेल्या ट्रॉल्या जातात. दोन आसांच्या ट्रॉलीचे एकूण वजन साधारण १० टन, म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे २५०० किलो येते. प्रयोगशाळेतून आलेल्या अहवालात एकाच मातीचे दोन आकडे आहेत: न भिजवलेल्या नमुन्याचा सीबीआर, म्हणजे दांडा दाबून मोजलेली मातीची ताकद, ८ टक्के आणि चार दिवस पाण्यात ठेवलेल्याचा २ टक्के. ठेकेदार पहिला आकडा धरून २० सेंटीमीटर थर पुरेल असे सांगतो. आम्ही कोणता आकडा धरावा आणि थर किती द्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

बांधावरचा:
आपला ठेकेदार अगदीच चुकीचे बोलत नाही. सोलापूरकडे पाऊस कमी, शिवाय ट्रॉल्या चालतात त्या पावसाळा सरल्यावर. चार दिवस बुडवून ठेवलेल्या मातीची अट कमी पावसाच्या प्रदेशात जास्तच कडक ठरते, असे मी वाचले आहे. मधला ५ टक्के धरावा.

कोकण्या:
आमच्याकडे जांभ्या मुरमावर चार इंच खडी टाकून रस्ता केला आणि तो उत्तम टिकला आहे. एवढी चाचणी कशासाठी? आणि घराचा पाया घेताना मातीची जी धारणक्षमता काढतात, तीच ही का?

खडी_आणि_मुरूम:
कोकण्या यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ही पायाची धारणक्षमता नव्हे. ५० मिलिमीटर व्यासाचा दांडा मिनिटाला सव्वा मिलिमीटर या गतीने मातीत दाबतात आणि २.५ मिलिमीटर आत जाईपर्यंत लागलेला भार १३७० किलोच्या प्रमाण भाराशी ताडून पाहतात. ऊसवाला यांच्या भिजलेल्या नमुन्याला २७-२८ किलो लागले असतील, कोरड्याला ११०. जांभ्या मुरमाचे गणित वेगळे, त्यामुळे ते उदाहरण इथे लागू होत नाही.

बांधावरचा यांनी सांगितलेली सवलत खरी आहे, पण ती जाड डांबरी थराने वरून झाकलेल्या रस्त्यासाठी आहे. खडीतून पाणी खाली झिरपते, आणि इथे कालव्याचे व पाटाचे पाणी दोन्ही बाजूंच्या शेतांतून ऐन हंगामातही येत राहते. पावसाचे आकडे पाहून ही माती कोरडी राहील असे मानता येत नाही, म्हणून मी २ टक्केच धरीन. सरासरी काढण्याला तर काहीच आधार नाही, कारण चाक रुतते ते भिजलेल्या जागी.

जाडीसाठी जुने सूत्र असे आहे:

```
t = sqrt(P * (1.75/CBR - 1/(pi*p)))
```

येथे P म्हणजे चाकावरचा भार किलोत, p म्हणजे टायरचा दाब किलो प्रति चौरस सेंटीमीटर आणि t सेंटीमीटरमध्ये. दाब ५ धरल्यास सीबीआर ८ ला सुमारे २० सेंटीमीटर येतात आणि २ ला ४५. ठेकेदाराचे गणित बरोबर आहे, आकडा चुकीचा आहे. फेऱ्यांची संख्या या सूत्रात येत नाही, त्यामुळे वाहतूक फार असेल तर ही जाडीही अपुरी पडेल.

ऊसवाला:
४५ सेंटीमीटर म्हणजे दाबून झाल्यावर ८१० घनमीटर, जवळपास २८६ ब्रास! एवढी खडी आमच्या आवाक्याबाहेरची आहे.

खडी_आणि_मुरूम:
सगळी खडी लागत नाही. काळ्या मातीच्या वर एकूण ४५ सेंटीमीटर हवेत, परंतु भिजवूनही १० टक्के सीबीआर देणारा मुरूम मिळाला, तर त्या मुरमावर सूत्राप्रमाणे १७ सेंटीमीटर पुरतात. म्हणजे खाली २८ मुरूम आणि वर १७ खडी. खडी १०८ ब्रासवर येते. सुटा माल मात्र याहून अधिक मागवावा लागेल, कारण तो दाबल्यावर बसतो. मुरूम टाकण्याआधी त्याचीही भिजवून चाचणी करा. मातकट मुरूम कोरडा असताना दगडासारखा दिसतो आणि पाणी लागले की चिखल होतो. अहवालात नमुना भिजताना किती फुगला तेही पाहा आणि इथे लिहा.

ऊसवाला:
साचा १२७ मिलिमीटर उंचीपर्यंत भरला होता आणि माती ६ मिलिमीटर फुगली, असे लिहिले आहे.

खडी_आणि_मुरूम:
म्हणजे पावणेपाच टक्क्यांच्या आसपास, बरेच आहे. अशी माती भिजून फुगते आणि वाळून भेगाळते, तेव्हा जाडी वाढवूनही कडा खचतात. बाजूचे चर रस्त्याच्या मातीच्या पातळीखाली न्या, नाहीतर २८ सेंटीमीटर मुरूम म्हणजे पाणी साठवण्याची टाकी होईल.

बांधावरचा:
पाण्याचा मुद्दा मान्य. पण मग मुरमाखाली जिओटेक्स्टाइलचे कापड अंथरले, तर जाडी निम्मी करता येईल ना?

खडी_आणि_मुरूम:
काळी माती मुरमात वर चढू नये यासाठी कापड उपयोगी आहे. जाडी किती कमी करता येईल, हे कापडाच्या ताकदीवर आणि किती खोल चाकोरी चालेल यावर ठरते. निम्मी असे मी आकडे पाहिल्याशिवाय म्हणणार नाही.

ऊसवाला:
एका बाजूचा शेजारी चर खोदायला जागा देण्यास तयार नाही. चर एकाच बाजूला काढून रस्त्याला त्याच बाजूला उतार दिला, तर चालेल का? असा रस्ता कोणी केला असल्यास अनुभव लिहावा.