काजूगराच्या बिलावर २ टक्के सीडी: जीएसटी नक्की कशावर?

वेंगुर्ल्याची_काजूवाली
आमचा काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. कोल्हापूरच्या एका पार्टीला १०० किलो गर ८०० रुपये किलोने दिला. १० टक्के ट्रेड डिस्काउंट आधीच ठरलेला, तो मी बिलातच वजा करते. शिवाय दहा दिवसांत पैसे आले तर २ टक्के कॅश डिस्काउंट, म्हणजे सीडी. बिल असं झालं: ८०,००० वजा ८,०००, राहिले ७२,०००. त्यावर ५ टक्के जीएसटी ३,६००, एकूण ७५,६००.

पार्टीने मुदतीत पैसे पाठवले, पण १,५१२ रुपये कापून. माझ्या हिशोबाने सीडी ७२,००० वर, म्हणजे १,४४० हवी. ७२ रुपयांसाठी भांडायचं नाही, पण दर महिन्याला अशी बरीच बिलं निघतात. बरोबर कोण? आणि पुढच्या वेळी सीडीपण बिलातच वजा करून टाकू का?

रत्नागिरी_खतावणी
ताई, ट्रेड डिस्काउंट वह्यांत येतच नाही, विक्री थेट ७२,००० ला नोंदवायची. कॅश डिस्काउंट हा आपला खर्च, तो वेगळ्या खात्याला नावे पडतो. त्यामुळे सीडीने करपात्र किंमत कधीच कमी होत नाही. कर ३,६०० च राहणार, विषय संपला.

देवगडचो_बागायतदार
माका येक सांगा, मी हापूसच्या पेटीमागे शंभर रुपये सोडतंय, तेचा पण असाच बिल करूचा लागात?

चिपळूण_करसल्ला
बागायतदार, ताज्या आंब्यावर जीएसटीच नाही. तुम्ही खुशाल सोडा.

खतावणीवाल्यांचं वह्यांपुरतं बरोबर, पण जीएसटीच्या कलम १५ ला ट्रेड आणि कॅश ही नावं ठाऊकच नाहीत. सूट कधी दिली आणि कागदावर कशी आली, एवढंच ते बघतं. माल देताना किंवा त्याआधी दिली आणि बिलात दाखवली, तर किंमत कमी. म्हणून तुमचे ८,००० निर्विवाद गेले. रोख मोजून माल उचलणाऱ्याला बिलातच सीडी दिली, तर तीही तशीच जाते आणि कर ७०,५६० वर बसतो.

तुमची सीडी मात्र माल गेल्यावर पक्की होते. तिथे दोन वाटा आहेत आणि ७२ रुपयांचं उत्तर त्यातच आहे.

एक, जीएसटीसह क्रेडिट नोट: १,४४० आणि त्यावरचा कर ७२, मिळून १,५१२. तुमचा कर ३,५२८ वर येतो, पण पार्टीने तिच्या खरेदीवरच्या कराच्या क्रेडिटमधून ७२ रुपये उलटवायला हवेत. सूट माल देताना किंवा त्याआधी झालेल्या करारात ठरलेली आणि त्या-त्या बिलाशी जोडलेली हवी, हीपण कलमातली अट.

दोन, नुसती व्यापारी क्रेडिट नोट, १,४४० ची, कराला हात न लावता. तुमचा कर ३,६०० च राहतो, पार्टीचं क्रेडिटही पूर्ण राहतं. तिने काही उलटवायची गरज नाही, हे सप्टेंबर २०२५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय.

आता बघा, पार्टी १,५१२ कापते आणि क्रेडिटही पूर्ण ३,६०० चं ठेवते, तर ते ७२ तुमच्या खिशातून जातात.

वेंगुर्ल्याची_काजूवाली
म्हणजे कापलं किती ते बरोबर की चूक, हे मी कुठली नोट देते त्यावर? तसं असेल तर सगळी कटकट टाळायला बिलातच ७०,५६० लिहिते.

चिपळूण_करसल्ला
नोटेबद्दल अगदी तसंच. पण उधारीच्या बिलात सीडी आधीच वजा करू नका. पार्टीने चाळीस दिवस लावले की ते १,४४० परत मागायला कराची डेबिट नोट काढावी लागेल, आणि पार्टी म्हणणार, बिलात तर सूट दिली होती.

जीएसटीची नोट काढलीत तर पार्टीने पोर्टलवर ती स्वीकारली का हे बघत जा. नाकारली तर तो कर पुढच्या विवरणात पुन्हा तुमच्यावर चढतो. एवढ्या लहान रकमेला मी स्वतः दुसरी वाट घेतो, आणि पार्टीला आधीच सांगतो की सीडी कर सोडून आहे.

दापोली_रंगवाला
माझं उलटं आहे. मी रंगाचा डीलर. वर्षअखेर कंपनी टर्नओव्हरवर सूट देते, आधी काहीच ठरलेलं नसतं. नोटेत कर नसतो. मी क्रेडिट उलटवायचं का?

चिपळूण_करसल्ला
नाही, नोटेत कर नाही तर तुम्ही काही उलटवत नाही. आधी ठरलेलं नसल्यामुळेच कंपनी त्यावरचा कर कमी करत नसणार.

रत्नागिरी_खतावणी
मान्य. पण 'आधीचा करार' म्हणजे काय धरायचं? आपल्याकडे निम्मा व्यवहार फोनवर होतो. बिलाखाली 'दहा दिवसांत २ टक्के सीडी' छापलं की झालं ना?

चिपळूण_करसल्ला
माझ्या मते निव्वळ तेवढ्यावर विसंबू नये. ऑर्डर पक्की करताना सीडी, मुदत आणि ती करासह की कर सोडून, हे लिहून पाठवा आणि पार्टीचा होकार जपून ठेवा.

रत्नागिरी_खतावणी
मला तर छापील ओळ पुरेशी वाटते. बिल मालाबरोबरच जातं, म्हणजे माल देताना ठरलेलंच आहे ना? शिवाय जीएसटी परिषदेने २०२५ मध्ये ही कराराची अटच काढायची शिफारस केली होती.

चिपळूण_करसल्ला
शिफारस झाली म्हणजे जुन्या बिलांची तपासणी नव्या नियमाने होत नाही. बिलाची तारीख बघून त्या वेळचं कलम लावतात. ओळीबद्दल आपलं जमणार नाही.

वेंगुर्ल्याची_काजूवाली
पार्टीला विचारलं. त्यांनी क्रेडिट पूर्णच घेतलंय. १,४४० ची साधी नोट पाठवली, ७२ पुढच्या बिलात येणे दाखवते.