प्रबंधातील प्रत्येक प्रकरणाआधी उद्दिष्टे आणि निष्कर्ष जोडणारे पान असावे का?

कृष्णाकाठ (प्रश्न): माझा पीएच.डी.चा प्रबंध सांगली जिल्ह्यातील ऊस उत्पादकांच्या ठिबक सिंचनावर आहे. प्रकरणांचे मसुदे तयार आहेत. प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी त्या प्रकरणाची उद्दिष्टे आणि हाती आलेले निष्कर्ष समोरासमोर मांडणारे एक पान घालावे, असे विभागातील एका ज्येष्ठांनी सुचवले. मार्गदर्शकांना ती पुनरुक्ती वाटते. आपले मत काय?

बहिःस्थ परीक्षक: जरूर घाला. उद्दिष्टे पहिल्या प्रकरणात येतात आणि आकडेवारी पाचव्यात. मधल्या दीडदोनशे पानांत तिसरे उद्दिष्ट नेमके काय होते, हे परीक्षक विसरलेला असतो आणि प्रत्येक तक्त्यापाशी मागे जाऊन पाहतो. शिवाय शोधगंगेवर प्रबंध प्रकरणागणिक स्वतंत्र पीडीएफमध्ये चढवला जातो. पुढच्या काळात तुमचे पाचवे प्रकरण उघडणाऱ्यांपैकी अनेकांनी पहिले उघडलेलेच नसेल, त्यामुळे हे पान त्या फाइलच्या तोंडाशी असणे सोयीचे ठरते. मात्र उद्दिष्टाचे शब्द मंजूर आराखड्यात आणि पहिल्या प्रकरणात आहेत तसेच, काना-मात्रेचाही फरक न करता उतरवावेत आणि प्रत्येक निष्कर्षापुढे तक्त्याचा क्रमांक द्यावा. ज्या निष्कर्षापुढे क्रमांक लिहिता येत नाही, तो निष्कर्ष त्या प्रकरणाचा नव्हे.

साहित्य विभाग: माझा याला स्पष्ट विरोध आहे. आपल्याकडे प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी समारोप असतो, अखेरीस 'निष्कर्ष व शिफारशी' हे स्वतंत्र प्रकरण असते, आणि आता आरंभीही तेच सांगायचे, म्हणजे एकच गोष्ट तीनदा झाली. माझ्या विद्यार्थ्यांचे प्रबंध ग्रामीण कादंबरीवर असतात. तिथे युक्तिवाद उताऱ्याउताऱ्याने उभा राहतो, आणि शेवट आधीच सांगितला की वाचक उताऱ्यांकडे पुरावा म्हणून पाहत नाही, केवळ उदाहरण म्हणून त्यांवरून नजर फिरवतो. माझा दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. निष्कर्ष हाती आल्यावर त्यांना साजेशी उद्दिष्टे लिहिण्याची जी वाईट सवय आपल्या संशोधनाला लागलेली आहे, तिला अशा पानाने आणखी उत्तेजन मिळेल.

सारांश पुस्तिका: आमच्या विद्यापीठात प्रबंध सादर करण्यापूर्वी सारांश द्यावाच लागतो आणि त्यात सर्व प्रकरणांचा गोषवारा असतो. मी तो दिला होता आणि मौखिकीत कोणीही काही विचारले नाही. मग पुन्हा वेगळे पान कशासाठी?

बहिःस्थ परीक्षक: तो सारांश संपूर्ण प्रबंधाचा असतो आणि वेगळा बांधलेला असतो. येथे प्रश्न प्रबंधाच्या आतील पानाचा आहे.

संगणक कक्ष: एक व्यावहारिक धोका सांगतो. तीच वाक्ये पुन्हा पुन्हा आली की साम्य तपासणीत टक्केवारी वाढते. १० टक्क्यांच्या वर गेलात तर प्रबंध परत येईल.

बहिःस्थ परीक्षक: यात अर्धे खरे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, हे बरोबर. पण तपासणी होते ती बाहेरच्या मजकुराशी. प्रबंधाच्या विसाव्या पानावरील वाक्य दीडशेव्या पानावर आले, एवढ्याने टक्केवारी वाढत नाही. धोका दोन ठिकाणी संभवतो. प्रकरणावरचा शोधनिबंध आधीच छापून आलेला असेल आणि त्याचाच गोषवारा या पानावर उचलून ठेवला असेल, तर साम्य दिसेल. आधीचा मसुदा तपासताना तो संग्रहात साठवला गेला असेल, तर नवा मसुदा जुन्याशीच जुळलेला दिसेल. पानाला यात दोष देता येत नाही.

कृष्णाकाठ: पाचव्या प्रकरणाचे पान लिहू लागले आणि अडले. उद्दिष्ट असे आहे: 'ठिबक सिंचनामुळे होणारी पाण्याची बचत मोजणे.' माझ्या तक्त्यात प्रवाही सिंचन करणाऱ्या आणि ठिबक वापरणाऱ्या शेतकऱ्यांनी सांगितलेले पंपाचे आठवड्याचे तास आहेत. ठिबकवाल्यांचे तास कमी आहेत. निष्कर्ष म्हणून 'पाण्याची बचत होते' असे लिहिले तर चालेल का?

बहिःस्थ परीक्षक: चालणार नाही. पंपाचे तास म्हणजे पाणी नव्हे. ठिबकमध्ये पंपाला गाळण्या आणि नळ्यांमधून दाबाने पाणी ढकलावे लागते. दाब वाढला की त्याच पंपाचा दर तासाचा विसर्ग घटतो, म्हणून दोन्ही गटांचे तास एकाच मापाने मोजता येत नाहीत. दुसरे असे की, आपल्याकडील अनेक कृषीपंपांना मीटर नाही, बिल अश्वशक्तीवर येते, आणि पुष्कळांनी ऑटो स्विच बसवलेला असतो. वीज आली की पंप सुरू होतो आणि गेली की बंद पडतो. अशा शेतकऱ्याने सांगितलेले तास हे बहुतांशी वीजपुरवठ्याचे तास असतात. पिकाला किती पाणी दिले, ते त्यांतून कळत नाही. तुमच्या प्रश्नावलीत ऑटो स्विचची नोंद आहे का, ते आधी पाहा. नसेल तर निष्कर्ष एवढाच लिहा: 'ठिबक वापरणाऱ्यांनी सांगितलेले पंपाचे तास कमी आहेत; पाण्याचे आकारमान मोजलेले नाही.' हे पान लिहायला बसल्याशिवाय ही फट तुम्हाला दिसली नसती, कारण समारोपात आपण जे सापडले तेवढेच लिहितो, जे शोधायचे होते ते तिथे समोर नसते.

साहित्य विभाग: हे उदाहरण मला पटले, परंतु ते माझ्याच आक्षेपाला बळ देते. अशा वेळी विद्यार्थी पहिल्या प्रकरणात जाऊन उद्दिष्ट गुपचूप बदलेल आणि 'पंपाच्या तासांची तुलना करणे' असे लिहून मोकळा होईल. पान नीटनेटके दिसेल आणि अपुरे राहिलेले काम कोणाच्या दृष्टीसही पडणार नाही.

बहिःस्थ परीक्षक: म्हणूनच मंजूर आराखड्यातील शब्द न बदलण्याची अट घातली. आराखड्याची प्रत विभागाच्या दप्तरी असते, त्यामुळे फेरफार करणारा पकडला जाऊ शकतो. पुनरुक्तीचा आपला मुद्दा मात्र मला मान्य आहे. पान आरंभी घातले तर शेवटचा समारोप काढून टाकावा आणि तिथे फक्त पुढच्या प्रकरणाकडे नेणारी दोन वाक्ये ठेवावीत. कादंबरीवरील प्रबंधासाठी या पानाचा आग्रह मीही धरणार नाही. तिथे उद्दिष्टाऐवजी प्रश्न लिहावा आणि उत्तर मोकळे सोडावे.

साहित्य विभाग: प्रश्न लिहून उत्तर मोकळे सोडलेले पान म्हणजे प्रकरणाची प्रस्तावना झाली. ती आम्ही आजही लिहितो.

कृष्णाकाठ: प्रश्नावली तपासली. ऑटो स्विचची नोंद आहे, पण ती 'वीजजोडणी' या भागात होती आणि मी ती कोष्टकात घेतलीच नव्हती. ऑटो स्विच नसलेल्या शेतकऱ्यांची तुलना आता वेगळी करता येईल. ते शेतकरी थोडेच आहेत आणि विसर्गाचा प्रश्न तरीही उरतो, म्हणून पानावर उद्दिष्टापुढे 'अंशतः साध्य' असे लिहिण्याचा विचार आहे. मार्गदर्शकांचे म्हणणे असे की, स्वतःच्या हाताने 'अंशतः' लिहून परीक्षकाच्या हाती कोलीत कशाला द्यायचे?

बहिःस्थ परीक्षक: लिहा. मौखिकीत तो प्रश्न विचारला जाणारच आहे. पानावर कारणासह लिहिलेले असेल तर चर्चा विसर्ग कसा मोजता आला असता यावर होईल.

साहित्य विभाग: आपल्यासारखे परीक्षक लाभले तर तसे होईल. 'अंशतः' हा शब्द अधोरेखित करून अहवालात तेवढाच उतरवणारे परीक्षकही मी पाहिले आहेत, आणि परीक्षक कोण येणार हे विद्यार्थिनीच्या हाती नसते. मार्गदर्शकांशी बोलल्याशिवाय तिने ते पान बांधणीला देऊ नये.